‘दोन पेट्या पाठवाव्यात’ : एका मागणीची आणि तिला विचारलेल्या प्रश्नाची हकीकत

पार्श्वभूमी

देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे. मी मूळची सांगलीकडची, लग्न होऊन इथे आले. बागेच्या मागण्या सासरे बघत. शहरातली पन्नासेक घरं वर्षानुवर्षं त्यांच्याकडूनच आंबा घेतात, आणि त्या घरांशी त्यांचा व्यवहार आधी पोस्टकार्डावर होता, नंतर फोनवरच्या मेसेजवर आला. २०२५च्या हंगामाआधी त्यांची नजर अधू झाली, तेव्हा मागण्यांचा फोन आणि वही माझ्याकडे आली. मदतीला मोठ्या दिरांचा मुलगा होता, कॉलेजात शिकणारा. मेसेजना उत्तरं देण्याचं काम बहुतेक वेळा तोच करत असे, कारण मार्च ते मे मी पॅकिंगच्या शेडमध्येच असते.

आंब्याच्या मागणीत दोन गोष्टी हमखास संदिग्ध राहतात. पहिली म्हणजे ‘पेटी’. बागायतदाराच्या तोंडी पेटी म्हणजे लाकडी पेटी, फळाच्या आकाराप्रमाणे साधारण चार ते आठ डझनांची. भाव बोलताना बहुधा पाच डझन धरतात. शहरात मात्र एक-दोन डझनांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यालाही पेटीच म्हणतात. दुसरी गोष्ट दिवसाची. ‘अमुक दिवशी हवेत’ म्हणजे त्या दिवशी घरी पोचायला हवेत, की त्या दिवशी खाता यायला हवेत? हापूस झाडावर पिकवून पाठवता येत नाही. चौदा आणे तयार झालेलं फळ देठासकट उतरवायचं, आणि मग ते पेंढ्याच्या अढीत आठ-दहा दिवसांत पिकतं. ऊन कडक असेल तर त्याहून लवकर. या दोन अर्थांमध्ये म्हणजे आठवड्याहून अधिक अंतर पडतं. म्हणून मागणी आली की जवळजवळ प्रत्येकाला काहीतरी परत विचारावंच लागतं. हे प्रकरण त्या विचारण्याचंच आहे.

आलेली मागणी

१० एप्रिलला पुण्याहून एका निवृत्त मुख्याध्यापकांचा मेसेज आला. ओळख पटू नये म्हणून बारकावे बदलले आहेत, पण मजकुराची धाटणी तीच ठेवली आहे, कारण सगळं तिच्यातच आहे.

‘स. न. वि. वि. मागील वर्षीप्रमाणेच दोन पेट्या पाठवाव्यात. अक्षय्य तृतीयेस नैवेद्यास लागतील. रक्कम कळताच पाठवितो. कळावे.’ खाली पूर्ण नाव.

पुतण्याने दहा मिनिटांत उत्तर दिलं. ते रोमन अक्षरांत होतं. इथे देवनागरीत लिहिते. ‘हाय सर! पेटी कोणती, २ डझन की ५ डझन? रॉ की राईप? डिलिव्हरी डेट? अ‍ॅड्रेस सेंड करा प्लीज.’ पुढे हात जोडल्याचं चित्र.

त्याचा हेतू चांगलाच होता. विचारलेलं सगळं खरंच माहीत असायला हवं होतं, आणि हेच वाक्य त्याने त्या आठवड्यात वीसेक जणांना पाठवलं होतं. बहुतेकांनी लगेच उत्तर दिलं होतं.

अडचण

इथे तीन दिवस काहीच आलं नाही. मेसेज वाचल्याची खूण मात्र दिसत होती. १३ तारखेला एक ओळ आली: ‘आपणांस अडचण होत असल्यास राहू द्यावे. आजवरच्या स्नेहाबद्दल आभारी आहे.’

पुतण्याने फोन माझ्यासमोर धरला आणि विचारलं, ‘काकू, हे रागावलेत की खरंच नको म्हणतायत?’ मला पहिल्या वाचनातच कळलं की घर तुटतंय. मराठीत इतक्या सभ्यपणे लिहिलेलं ‘राहू द्यावे’ हे बहुतेक वेळा शेवटचंच असतं. रागावलेला माणूस भांडतो, काहीतरी विचारतो. हे गृहस्थ निरोप घेत होते.

वेळही फार नव्हता. त्या वर्षी तृतीया ३० एप्रिलला होती. त्या दिवशी पिकलेलं फळ हवं असेल तर ते २१-२२च्या आसपास झाडावरून उतरायला हवं होतं. म्हणजे आमच्या हातात आठवडाभर होता.

नेमकं काय खटकलं

मी दोन्ही मजकूर एकाखाली एक कागदावर लिहून काढले. फोनवर ते वर सरकून जातात आणि फरक नजरेत भरत नाही.

लिपीचा फरक पहिल्यांदा दिसला. त्यांनी देवनागरी टंकण्याचे कष्ट घेतले होते, आम्ही रोमन अक्षरांत उत्तर दिलं. मग क्रियापदं. त्यांचं ‘पाठवाव्यात’, ‘कळावे’. आमचं ‘सेंड करा’. मराठीत ‘पाठव’, ‘पाठवा’, ‘पाठवाल का’, ‘पाठवावे’ या एकामागून एक पायऱ्या आहेत, आणि माणूस कुठल्या पायरीवर उभा राहून बोलतोय ते क्रियापदाच्या शेवटावरून कळतं. ते सर्वांत वरच्या पायरीवरून बोलले, आम्ही दोन पायऱ्या खालून उत्तर दिलं. ‘प्लीज’ आणि ‘सर’ घातल्याने ती दरी भरत नाही. मराठी वाचणाऱ्याच्या कानाला आदर ऐकू येतो तो ‘आपण’मध्ये आणि ‘-वे’मध्ये.

तिसरी गोष्ट मात्र भाषेची नव्हती, आणि ती लपवणं बरोबर होणार नाही. त्यांनी ‘मागील वर्षीप्रमाणेच’ असं लिहिलं होतं. डझन आणि पत्ता दोन्ही सासऱ्यांच्या वहीत होतं. आम्ही चार प्रश्न विचारले, त्यातले दोन वही उघडली असती तर विचारायची गरजच नव्हती. गेली कित्येक वर्षं व्यवहार असलेल्या माणसाला पत्ता विचारणं हा कितीही अदबीने केला तरी परकेपणाच आहे.

समोर असलेले पर्याय

सरळ फोन लावावा, असं नवऱ्याचं म्हणणं पडलं. दोन मिनिटांत मिटेल. मलाही तो मार्ग आवडला असता. पण त्यांनी निरोप लेखी घेतला होता. लेखी निरोपाला अचानक फोन गेला की समोरच्याला उत्तर जुळवायला वेळ मिळत नाही, आणि संकोची माणूस ‘नको, नको, सगळं ठीक आहे’ म्हणून फोन ठेवतो.

दुसरा पर्याय होता काहीच न विचारता गेल्या वर्षीइतकं पाठवून देण्याचा. वहीत होतंच की. पण तृतीयेचा दिवस दरवर्षी हलतो. २०२४ला ती १० मेला होती, तेव्हा मे महिन्यातली पक्व फळं पाठवली गेली होती आणि दिवसाचा प्रश्न तितका अडला नव्हता. यंदा दहा दिवस आधी. अंदाज चुकला असता तर नैवेद्याच्या ताटात हिरवी फळं गेली असती.

तिसरा, ‘सॉरी सर’ म्हणून तोच प्रश्न थोडा नीट करून पुन्हा पाठवण्याचा. पुतण्याने तसा मजकूर लिहूनही ठेवला होता. तो मी थांबवला.

राहिला चौथा पर्याय. त्यांनी ज्या धाटणीत लिहिलं त्याच धाटणीत लिहायचं, वहीत असलेलं सांगायचं, आणि वहीत नसलेलं तेवढंच विचारायचं.

काय केलं

मी सासऱ्यांच्या शेजारी बसून मसुदा केला. पहिल्या मसुद्यात मी लिहिलं होतं, ‘आपल्या मागणीत दिवस स्पष्ट नसल्याने खुलासा करावा ही विनंती.’ सासऱ्यांनी ऐकलं आणि म्हणाले, ‘खुलासा हेडमास्तर मागतो. त्याच्याकडे मागायचा नसतो.’ ते अगदी बरोबर होतं. सरकारी पत्रव्यवहारात ‘खुलासा करावा’ म्हणजे चूक झाली आहे, जाब द्या. मी त्यांच्या पायरीवर चढायला गेले आणि पायरीऐवजी कचेरीत शिरले. औपचारिक मराठीतही दोन घरं आहेत, एक पत्राचं आणि एक कचेरीचं, आणि ‘स. न. वि. वि.’ लिहिणारा माणूस पत्राच्या घरातला असतो. ‘स्पष्ट नसल्याने’ हेही काढलं. दिवस आम्हाला कळला नव्हता; त्यांच्या लिहिण्यात खोट नव्हती.

शेवटी गेलेलं पत्र असं होतं:

‘स. न. वि. वि.

आपले पत्र मिळाले. बाबांच्या डोळ्यांना त्रास असल्याने यंदा मागण्यांचे काम मी, त्यांची सून, पाहते. गुरुवारी आमच्याकडून आलेला निरोप आपणांस साजेसा नव्हता, त्याबद्दल क्षमस्व.

वहीत गेल्या वर्षी आपल्या नावे पाच डझनांच्या दोन पेट्या आहेत, त्याच धरल्या आहेत. पत्ताही तोच धरला आहे.

एक गोष्ट मात्र आपल्याकडून कळायला हवी. तृतीया ३० एप्रिलला आहे. नैवेद्याला त्या दिवशी पिकलेले फळ हवे असेल, तर आम्ही २१ला फळ काढून रात्रीच्या गाडीला देऊ आणि आपल्याकडे ते आठेक दिवस पेंढ्यात ठेवावे लागेल. की फळ तृतीयेच्या सुमारास आपल्याकडे पोचले तरी चालेल? १८ तारखेपर्यंत कळवावे, म्हणजे काढणीचा दिवस ठरविता येईल.

बाबांनी नमस्कार सांगितला आहे. कळावे.’

इथे एका वाक्यावर मी बराच वेळ घालवला. आदराच्या मराठीत प्रश्न विरघळून जायची भीती असते. ‘आपणांस योग्य वाटेल तसे कळवावे’ असं लिहिलं असतं तर ते कानाला गोड लागलं असतं, पण त्यांना कळलंच नसतं की उत्तराशिवाय आमचं काम अडलंय. म्हणून प्रश्न मी साध्या प्रश्नचिन्हानिशी ठेवला, दोन्ही तारखा आकड्यांत लिहिल्या, आणि कधीपर्यंत उत्तर हवं व कशासाठी तेही लिहिलं. धाटणी त्यांची घेतली, तरी तारखा आणि डझन यांच्या बाबतीत आमची काटेकोरपणाची गरज सोडली नाही.

पत्र १३ला रात्री गेलं. १४ला सकाळी उत्तर आलं, पहिल्या मेसेजच्या चौपट लांबीचं. फळ तृतीयेला पिकलेलं हवं. आणि आम्ही न विचारलेली एक गोष्टही त्यात होती: यंदा एक पेटी पुण्याला आणि दुसरी नाशिकला मुलीकडे जायची आहे, तिच्या फ्लॅटमध्ये पेंढा घालायला जागा नाही, तर काय करावे? म्हणजे ‘मागील वर्षीप्रमाणेच’ हे पूर्ण खरं नव्हतंच. वहीवर विसंबून दोन्ही पेट्या पुण्याला गेल्या असत्या. नाशिकच्या पत्त्याचा प्रश्न आम्हाला सुचणं शक्य नव्हतं. तो त्यांनी आपणहून सांगितला, आणि माझ्या मते आधीच्या चार तुटक प्रश्नांना उत्तर देताना त्यांनी तो सांगितला नसता.

त्याच आठवड्यातली दुसरी चूक

पुतण्या या पत्राने फार प्रभावित झाला. दोन दिवसांनी डोंबिवलीहून वाडीतल्याच एका काकीचा मेसेज आला. तिचा मुलगा तिकडे नोकरीला, ती त्याच्याकडे राहते. ‘रे, गेल्या वर्सासारके आंबे धाड. दोन पेटी. नातवंडां येतली.’

इथेही संदिग्धता तीच होती: पेटी कुठली, आणि नातवंडं कधी येणार. पुतण्याने लिहिलं, ‘आदरणीय काकी, स. न. वि. वि. आपण पाठविलेला निरोप मिळाला. कोणत्या पेट्या हव्या आहेत ते कृपया कळवावे.’

पाच मिनिटांत काकीचा फोन आला. ‘माका अशी चिठ्ठी कित्याक लिवतंस? परको झालंस काय?’ तिचा आवाज खरंच दुखावलेला होता. ज्या पोराला तिने अंगाखांद्यावर खेळवलं, त्याने तिला ‘आपण’ म्हटलं होतं. मुख्याध्यापकांना आम्ही पायरी उतरून लिहिलं म्हणून ते दुरावले. काकीला पायरी चढून लिहिलं म्हणून ती दुरावली. चूक एकच होती, फक्त उलट्या दिशेने.

मग त्याने परत लिहिलं: ‘काकी, पेटी पाच डझनाची की लहान? नातवंडां कधी येतली ता सांग, म्हणजे त्या बेतान काढूक लावतंय.’ उत्तर आलं, मोठी एक पुरे, मे लागल्यावर.

हे उत्तर त्याने लिहिणंच योग्य होतं, मी नव्हे. मला मालवणी समजते, पण ती माझी बोली नाही. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मी एका वृद्ध गिऱ्हाइकाला हौसेने मालवणीत लिहिलं होतं. त्यांचं उत्तर प्रमाण मराठीत, अगदी तुटक आलं. त्यांना वाटलं, मी त्यांच्या बोलण्याची नक्कल करते. तेव्हापासून मालवणीत लिहिणाऱ्यांना मी सरळ, घरगुती मराठीत लिहिते: ‘तुम्ही’ वापरून, छोट्या वाक्यांत, ‘सांगा’ म्हणून, ‘कळवावे’ न म्हणता. बोली जुळवता येत नसली तरी जवळीक जुळवता येते. आणि ज्येष्ठ माणसाने ‘तू’ म्हटलं म्हणून आपणही ‘तू’ म्हणायचं नसतं. काकीला पुतण्या ‘तू’ म्हणतो ते लहानपणापासूनच्या हक्काने. मी म्हटलं तर ती आगाऊपणाचीच गोष्ट ठरेल.

काय झालं

पुण्याची पेटी २१च्या रात्री फोंडा घाटातून जाणाऱ्या गाडीला दिली. नाशिकच्या पेटीसाठी आम्ही फळं चार दिवस आमच्याच अढीत ठेवली आणि अर्धी पिकल्यावर पाठवली, म्हणजे तिकडे नुसत्या वर्तमानपत्रात ठेवूनही ती तृतीयेपर्यंत तयार व्हावीत. अर्धपिकं फळ प्रवासात दबतं, हे माहीत असूनही दुसरा उपाय नव्हता. त्या पेटीतली सहा फळं देठापाशी काळी पडली. मुलीने तसं कळवलं, तेवढ्याचे पैसे आम्ही वळते केले.

पुण्याचं फळ २९लाच पिकलं. त्या संध्याकाळी मुख्याध्यापकांचा फोन आला. त्यांच्याशी माझं ते पहिलं बोलणं. मी धीर करून विचारलं की पहिल्या निरोपात त्यांना सगळ्यांत जास्त काय लागलं. मला वाटलं होतं ते ‘रॉ की राईप’ म्हणतील, किंवा पत्ता विचारल्याचं सांगतील.

ते म्हणाले, ‘लागलं काही नाही. मला वाटलं, बाग तुमच्याकडे राहिली नाही.’

मग त्यांनी उलगडून सांगितलं. इतकी वर्षं या नंबरवरून त्यांना एका विशिष्ट हाताचं, विशिष्ट वळणाचं मराठी येत होतं. यंदा त्याच नंबरवरून भलतीच भाषा आली आणि भलताच माणूस पत्ता विचारू लागला. कोकणात बागा मक्त्याने दिल्या जातात, हे त्यांना ठाऊक होतं. बाहेरचा आंबा देवगडच्या नावाने विकला जातो, हेही रोज कानावर येतं. २०१८मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळाल्यावरही ते थांबलेलं नाही. त्यांनी दोन आणि दोन चार केले. बाग कुणा व्यापाऱ्याने घेतली असेल, सासऱ्यांचं काही बरंवाईट झालं असेल, आणि विचारणं प्रशस्त दिसणार नाही, म्हणून त्यांनी आभार मानून बाजूला व्हायचं ठरवलं.

मी इतके दिवस याला मानापमानाची गोष्ट समजत होते. त्यांच्या लेखी ती ओळखीची गोष्ट होती. माझ्या पत्रातलं कोणतं वाक्य उपयोगी पडलं, असं विचारल्यावर ते म्हणाले, ‘बाबांनी नमस्कार सांगितला आहे.’

आता काय वेगळं करते

फोन हातात घेतला त्याच दिवशी सगळ्या जुन्या घरांना, ज्याच्या त्याच्या धाटणीत, ‘यंदापासून मी पाहते’ एवढं कळवायला हवं होतं. मग पुतण्याचा रोमन मेसेजही कदाचित खपून गेला असता. २०२६च्या हंगामाआधी मी ते केलं. पन्नास घरांना तीन संध्याकाळी लागल्या.

दुसरं म्हणजे, विचारण्याआधी वही उघडायची. माझ्या अंदाजाने निम्मे प्रश्न तिथेच मिटतात, आणि उरलेला एखाद-दुसरा प्रश्न नीट वेळ देऊन लिहिता येतो. सगळ्यांना एकच वाक्य पाठवावं लागत होतं ते प्रश्न जास्त होते म्हणून.

सासऱ्यांच्या वहीत नाव, पत्ता, डझन असे रकाने होते. मी एक रकाना वाढवला आहे. त्यात त्या माणसाने शेवटच्या मेसेजमध्ये वापरलेलं एक वाक्य जसंच्या तसं उतरवून ठेवते: कुठे ‘पाठवाव्यात’, कुठे ‘धाड’, कुठे ‘दादा दोन पेटी पाठवा ना’. उत्तर मी लिहो की पुतण्या, आधी त्या रकान्यातलं वाक्य वाचायचं. नव्या गिऱ्हाइकाचा रकाना रिकामा असतो. तिथे मी ‘तुम्ही’ने, देवनागरीत, साध्या वाक्यात सुरुवात करते आणि त्यांच्या दुसऱ्या मेसेजची वाट बघते.

काकीच्या नावापुढे पुतण्याने स्वतःच्या हाताने लिहिलंय: ‘रे’. मुख्याध्यापकांच्या नावापुढे त्याला काय लिहावं ते सुचेना, तेव्हा सासऱ्यांनी सांगितलं, आधी बाबांचा नमस्कार लिही, मग डझन.